पावणेसहा म्हणजे 5:45: सव्वा, साडे, पावणे घड्याळात अचूक कसे मांडायचे

माझी भाची बंगळुरूत वाढली. घरी आईशी मराठीतच बोलते, पण शाळा, मैत्रिणी, नोकरी सगळं इंग्रजीत. एकदा ती आमच्याकडे साताऱ्याला आली होती. परत निघायच्या दिवशी मी तिला सकाळीच सांगून ठेवलं, "संध्याकाळी पावणेसहाची गाडी आहे बरं का." तिने लगेच मोबाइलमध्ये नोंद केली आणि सहा वीसला स्टँडवर पोचली. गाडी सुटून पस्तीस मिनिटं झाली होती. मला फोन करून म्हणाली, "मामा, मी तर पंचवीस मिनिटं लवकर आले!" तिच्या मोबाइलमध्ये 6:45 PM असं होतं.

त्या दिवशी मला कळलं की आपण हे शब्द मुलांना कधी शिकवतच नाही, ती ऐकून शिकतील असं धरून चालतो. ऐकून सव्वा आणि साडे बरोबर शिकले जातात. पावणे मात्र हमखास चुकतं, कारण त्याची चाल या दोघांच्या उलटी आहे. तेव्हापासून मी भाचीला, नंतर तिच्या दोन मैत्रिणींना आणि आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबाला हे नीट समजावून सांगितलं. त्याचाच हा विस्तार. मोबाइलच्या पडद्यावर जशी दिसते तशी वेळ मी इथे 5:45 PM अशीच लिहिली आहे.

पहिली पायरी: पुढे जायचं की मागे?

तासाचा आकडा ऐकू आला की त्याच्या आधीचा शब्द बघायचा. सव्वा असेल तर त्या आकड्यात १५ मिनिटं मिळवायची, साडे असेल तर ३०. सव्वापाच म्हणजे 5:15, साडेपाच म्हणजे 5:30. इथपर्यंत कोणी अडखळत नाही, कारण बोललेला आकडा आणि घड्याळातला तास एकच आहे.

पावणे आलं की बोललेल्या आकड्यातून १५ मिनिटं वजा करायची. म्हणजे तास एकाने मागे येतो आणि मिनिटं ४५ होतात. पावणेसहा म्हणजे 5:45, पावणेदहा म्हणजे 9:45, पावणेबारा म्हणजे 11:45. घड्याळावर सहाचा आकडा अजून आलेला नसतो, तरी आपण सहाचं नाव घेतो. भाचीने "पावणे" म्हणजे पंचेचाळीस एवढंच लक्षात ठेवलं होतं, आणि ते चूकही नव्हतं. ती सहाला चिकटून राहिली, तिथे गडबड झाली.

हे का होतं ते शब्दातच आहे. पाद म्हणजे चौथा भाग, पाव. सव्वा हा संस्कृतातल्या सपाद या शब्दापासून आला, म्हणजे पाव सोबत घेऊन. साडे आला सार्ध या शब्दापासून, अर्धा सोबत घेऊन. पावणे आणि पाऊण हे मात्र पादोन या शब्दापासून आले. पाद अधिक ऊन, आणि ऊन म्हणजे कमी. पावाने कमी असलेले सहा, ते पावणेसहा.

हेच ऊन आपल्या आकड्यांतही बसलंय. एकोणसाठ म्हणजे एकाने कमी साठ, म्हणून ५९. ज्या मुलांना एकोणसाठ ऐकून ६९ लिहायची सवय असते, तीच मुलं पावणेसहा ऐकून 6:45 लिहितात, असा माझा अनुभव आहे. चूक एकच आहे: पुढच्या आकड्याचं नाव घेऊन मागचं सांगायची पद्धत त्यांच्या कानाला ओळखीची नसते. म्हणून मी दोन्ही एकत्रच शिकवतो. एकोणसाठ समजलं की पावणेसहा समजतं, आणि उलटही.

शंका आलीच तर रुपयांत विचारून बघा. "पावणेदोनशे रुपये द्या" असं भाजीवाली म्हणाली तर आपण १७५ काढतो, २७५ नाही. पाऊणशे म्हणजे ७५. पैशाच्या बाबतीत कान चुकत नाहीत. तोच हिशेब तासांना लावायचा: पावणेदोनशेमध्ये शंभर पुरे आणि पाऊण, तसं पावणेदोनमध्ये एक तास पुरा आणि पाऊण. 1:45.

बारा ते तीन, हा टप्पा वेगळा पाठ करावा लागतो

दिवसभराच्या घड्याळात एकच तुकडा असा आहे जिथे वरचा नियम सरळ चालत नाही. साडेबारापासून पावणेतीनपर्यंत मराठीने जुने, स्वतंत्र शब्द जपून ठेवले आहेत. तो क्रम असा:

साडेबारा, 12:30
पाऊण, 12:45
एक, 1:00
सव्वा, 1:15
दीड, 1:30
पावणेदोन, 1:45
दोन, 2:00
सव्वादोन, 2:15
अडीच, 2:30
पावणेतीन, 2:45

यात पाऊण आणि सव्वा हे दोन शब्द एकटेच उभे आहेत, कारण इथे एक हा आकडा बोलायची गरज मानलेली नाही. "पाऊणला जेवायला बसू" म्हणजे 12:45. "सव्वाला निघू" म्हणजे 1:15. नवख्या माणसाला इथे वाटतं की वाक्य अर्धवट राहिलं, आणि तो विचारतो, "सव्वा किती?" काहीच न जोडता आलेला सव्वा हा एकचाच असतो. पावणेएक आणि सव्वाएक असंही लोक म्हणतात, वेळ तीच. साडे आणि पावणे मात्र एकटे कधीच येत नाहीत. त्यांच्यापुढे आकडा ऐकू आला नसेल तर तुमचा तो ऐकायचा राहिला, परत विचारा.

एकटेपणाला एक अपवाद आहे, तो संभाषणातला. आधी कोणी विचारलं असेल, "पाचला येऊ की सव्वाला?" तर तिथला सव्वा पाचचाच. आकडा नुकताच बोलून झालेला असतो म्हणून तो गाळलेला असतो. निरोप मध्येच ऐकला असेल तर याकडे लक्ष द्यायला हवं.

दीड आणि अडीचबद्दल मुलं विचारतात की साडेएक, साडेदोन का म्हणत नाही. दीडचं मूळ द्व्यर्ध, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धाच आहे असं. अडीचचं मूळ अर्धतृतीय, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे. हे दोन्ही शब्दही पावणेसारखेच पुढच्या आकड्याकडे बघून तयार झालेत. साडेतीनलाही असा शब्द होता, औट. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत, त्यातली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. घड्याळात औट टिकला नाही, दीड आणि अडीच टिकले. त्यामुळे साडे हा शब्द फक्त तीन ते बारा या आकड्यांनाच लागतो. कोणी साडेएक म्हणालं तर वेळ कळते, पण कानाला लगेच खटकतं.

या टप्प्यात व्याकरण एक सुंदर मदत करतं. दोनच्या खालची वेळ एकवचनात वाजते: पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. बाकी सगळ्या वेळा अनेकवचनात: साडेबारा वाजले, पावणेदोन वाजले, अडीच वाजले, चार वाजले. फोनवर आवाज तुटत असेल आणि आकडा कळलाच नसेल, पण "वाजला" एवढं स्पष्ट ऐकू आलं असेल, तर वेळ 12:45, 1:00, 1:15 आणि 1:30 या चारांपैकीच एक आहे. पावणेदोनमध्ये तास अजून एकचाच असतो, तरी ती वाजते अनेकवचनात, कारण शब्दात दोन आहे.

वाजून, वाजायला, कमी

पाव आणि अर्ध्यात न बसणाऱ्या वेळा आपण दोन बाजूंनी सांगतो. "चार वाजून वीस मिनिटं" सरळ आहे, 4:20. "पाच वाजायला दहा मिनिटं" किंवा "पाचला दहा कमी" म्हणजे पाचातून दहा वजा, 4:50. ही रचना पावणेचीच सख्खी बहीण आहे, म्हणून एक शिकलं की दुसरी सोपी जाते. "सहा वाजायला पंधरा मिनिटं" आणि "पावणेसहा" यांत काडीचा फरक नाही.

अडचण येते ती दोन हिशेब एकत्र आल्यावर. "साडेआठला पाच कमी" असं सर्रास म्हणतात. इथे आधी साडेआठ पूर्ण सोडवायचं, 8:30, आणि मग पाच काढायचे, 8:25. "पावणेसहाला पाच कमी" असेल तर आधी 5:45, मग 5:40. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी सहातून पाच काढून 5:55 केलं, तर पुढे काय करायचं तेच कळत नाही. आतला शब्द आधी, कमी नंतर.

मुंबईच्या लोकलच्या वेळा मात्र या कशातच बसवत नाहीत. तिथे मिनिटाला किंमत असते, म्हणून "आठ चौदाची", "सात एकोणपन्नासची" असा तास आणि मिनिटांचा आकडाच म्हणतात. इथे कान एकोणकडे ठेवायचा: सात एकोणपन्नास म्हणजे 7:49. 7:59 लिहून फलाटावर गेलात तर गाडी दहा मिनिटं आधीच निघून गेलेली असते.

"चार-साडेचारला येतो" हा पल्ला आहे, 4:00 ते 4:30. "पाचेक वाजता", "पाचच्या सुमाराला" यांतही अचूक मिनिट नसतं, आणि ते आपण तयार करू नये. कॅलेंडरमध्ये मी पल्ल्याची सुरुवात टाकतो आणि नोंदीत बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो. "सातच्या आत" ही शेवटची मर्यादा, तर "नवाच्या ठोक्याला" म्हणजे मिनिटही इकडेतिकडे नाही.

दुसरी पायरी: AM की PM

हा निर्णय तास सोडवून झाल्यावरच घ्यायचा, आधी नाही. क्रम उलटा केला की पावणेबारा आणि पाऊण हमखास चुकतात.

पहाटे आणि सकाळी हे शब्द आले तर नेहमीच AM. संध्याकाळी आलं तर नेहमीच PM. पण दुपार आणि रात्र हे दोन शब्द घड्याळाच्या सीमेवर बसलेले आहेत, त्यांचे दोन तुकडे पडतात. AM आणि PM बदलतात ते भर दुपारी बाराला आणि मध्यरात्री बाराला, आणि आपली दुपार त्याआधीच सुरू होते. "दुपारी पावणेबाराला ये" असं कोणीही म्हणतं. ती वेळ 11:45 AM आहे. दुपारी म्हटलं म्हणून PM लावलं की नोंद थेट रात्री पावणेबाराची होते.

म्हणून आधी पावणेबारा सोडवून 11:45 करा आणि मग बघा. दुपारी असेल आणि उत्तराचा तास ११ असेल तर AM. उत्तर 12:00 किंवा पुढचं असेल तर PM. दुपारी बारा म्हणजे 12:00 PM, दुपारी साडेबारा म्हणजे 12:30 PM, दुपारी पाऊण म्हणजे 12:45 PM. बारा हा आकडा अकरानंतर येतो म्हणून तो AM मध्येच असेल असं वाटतं, पण नवा भाग बारापासूनच सुरू होतो.

रात्रीचंही तसंच. उत्तराचा तास ११ पर्यंत असेल तर PM, आणि बारा, एक, दोन, तीन असेल तर AM. रात्री पावणेबारा म्हणजे 11:45 PM. रात्री साडेबारा म्हणजे 12:30 AM. रात्री दीड म्हणजे 1:30 AM. इथे बोललेला आकडा धरून चाललात तर फसाल: पावणेबारामध्ये बारा ऐकू येतं म्हणून AM लावणारे मी पाहिले आहेत.

चोवीस तासांचं घड्याळ वापरत असाल तर PM च्या एक ते अकरा या तासांत १२ मिळवायचे. दुपारी बारा तसेच राहतात, रात्रीचे बारा शून्य होतात. दुपारी अडीच 14:30, दुपारी पाऊण 12:45, रात्री पाऊण 00:45.

निमंत्रणपत्रिकेत वेळ "सायं. ५.४५ वा." अशी छापतात. तो बिंदू फक्त तास आणि मिनिटं वेगळी करतो, तो दशांश नाही. स्प्रेडशीटमध्ये `5.45` टाइप केलंत तर ती वेळ होत नाही, साधा आकडा राहतो. `5:45 PM` असंच टाकावं लागतं.

तिसरी पायरी: तारीख

रात्री बारानंतरची वेळ आली की तारीख बदलते, पण आपल्या बोलण्यात ती बदलत नाही. "शनिवारी रात्री साडेबारा" असं म्हणणाऱ्याच्या मनात शनिवारची रात्र चालू असते. घड्याळात मात्र रविवार लागून अर्धा तास झालेला असतो. मोबाइलमध्ये ही नोंद रविवार, 12:30 AM अशी हवी. शनिवारवर 12:30 AM टाकलंत तर ती शुक्रवारची मध्यरात्र होते, म्हणजे पूर्ण एक दिवस आधी.

रेल्वेच्या तिकिटाला याचा सगळ्यात मोठा फटका बसतो. रेल्वेची वेळ चोवीस तासांची असते आणि तारीख 00:00 ला बदलते. शनिवारी रात्री जेवून निघायचं म्हणून शनिवारच्या तारखेचं 00:30 चं तिकीट काढलं, तर ती गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. अशा वेळी मी सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो: "कोणत्या दिवशीचं जेवण झाल्यावर?" शनिवारचं जेवण झाल्यावर असेल तर तारीख रविवारची.

दोन ठिकाणी कान फसतो

पहिलं, वेळ आणि अवधी. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तासांची लांबीही सांगतात. फरक फक्त शेपटात असतो: "ला" किंवा "वाजता" आलं तर घड्याळातली वेळ, "तास", "तासात", "तासाने" आलं तर अवधी. आत्ता 11:50 वाजले आहेत आणि भाऊ म्हणाला "पाऊणला येतो", तर तो 12:45 ला येणार. तोच म्हणाला "पाऊण तासात येतो", तर 12:35 पर्यंत. दहाच मिनिटांचा फरक आहे म्हणून चालून जातं. पण सकाळी आठला कोणी "दीड तासात पोचतो" म्हणालं आणि तुम्ही दीड ऐकून 1:30 टाकलंत, तर चार तास चुकले.

परदेशातल्या घरच्यांशी बोलताना हे रोज लागतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, लंडन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. हे सगळे अवधी आहेत, त्यांना AM-PM लावायचं नाही, आपल्या वेळेतून वजा किंवा अधिक करायचे. "पुण्याच्या सव्वाआठला फोन कर" असं दुबईतल्या मुलाला सांगितलं तर आधी 8:15, मग त्यातून दीड तास काढून त्याच्याकडचे 6:45.

दुसरं, पाहुणे. कोल्हापूर-सांगलीकडे आणि बऱ्याच गावांत पाहुण्यांना पावणे म्हणतात. "पावणे आठला येतील" हे वाक्य दोन्ही अर्थांनी शुद्ध आहे: पाहुणे आठ वाजता येतील, किंवा ते कोणी जे असतील ते 7:45 ला येतील. बोलताना फरक थांब्यावर कळतो. पाहुणे असतील तर त्या शब्दानंतर जरा थांबतात, वेळ असेल तर पावणेआठ एका दमात येतं. लिहिताना म्हणूनच पावणेआठ, सव्वापाच, साडेदहा असे शब्द जोडून लिहावेत. हा नुसता शुद्धलेखनाचा आग्रह नाही, त्याने पंधरा मिनिटं वाचतात.

एक पुरा निरोप सोडवून बघू

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुतण्याची मुंज होती. वहिनींनी घरच्या सगळ्यांना बोलून एक निरोप पाठवला, आणि भाचीने तो मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचं ठरवलं. निरोप असा होता:

"रविवारी गाडी पावणेसातला दारात येईल. सव्वासातच्या आत निघायचंच, म्हणजे साडेआठला पाच कमी असताना कार्यालयात पोचू. मातृभोजन पावणेदहाला. मुहूर्त दहा वाजून एकोणपन्नास मिनिटांचा आहे, अक्षतांना सगळे हवेत. पहिली पंगत पाऊणला बसेल, दुसरी दीडला. अडीच-पावणेतीनपर्यंत आवरायचं, कार्यालय साडेतीनला सोडायचंय. आणि दादांची परतीची रेल्वे रविवारी रात्री साडेबाराची आहे, त्यांना कोणीतरी सोडा."

संपूर्ण निरोपात रात्री हा एक शब्द सोडला तर वेळेचा प्रहर कुठेच सांगितलेला नाही. सुरुवात सकाळचीच असणार, कारण मुहूर्त दहाचा आहे. म्हणून पावणेसात म्हणजे 6:45 AM. सव्वासात 7:15 AM, पण "आत" आहे म्हणून ती निघायची शेवटची वेळ. साडेआठला पाच कमी: आधी 8:30, मग 8:25 AM. पावणेदहा 9:45 AM. मुहूर्तात एकोणपन्नास आहे, म्हणून 10:49 AM.

मग येतं पाऊण. भाचीने इथे विचारलं, "मामा, पाऊण म्हणजे पाऊण तासाने का?" मी म्हटलं, "ला आहे ना शेवटी? मग घड्याळ." 12:45, आणि तास बारा आहे, दुपार आहे, म्हणून PM. दुसरी पंगत 1:30 PM. अडीच-पावणेतीन हा पल्ला 2:30 ते 2:45 PM. कार्यालय सोडायची वेळ 3:30 PM. दादांची रेल्वे रविवारी रात्री साडेबारा, म्हणून नोंद सोमवारी, 12:30 AM. तिकीट काढून बघितलं तर त्यावर सोमवारची तारीख आणि 00:30 होतं, जुळलं.

सगळं लिहून झाल्यावर मी तिला वेळा वरून खाली वाचायला सांगितल्या. एका दिवसाच्या कार्यक्रमात वेळ पुढेच जायला हवी. पावणेसातचे चुकून 7:45 झाले असते, तर गाडी येण्याच्या आधी अर्धा तास निघायचं असं वाचावं लागलं असतं, कारण त्याखाली 7:15 आहे. ही चूक यादीच दाखवून देते. पावणेदहाचे 10:45 झाले असते तर क्रम मोडला नसता, पण मातृभोजन आणि मुहूर्त यांत चारच मिनिटं उरली असती. आईच्या शेजारी बसून बटूचं जेवण चार मिनिटांत होत नाही, त्यामुळे तिथेही शंका यायला हवी. म्हणून नुसता क्रम बघून थांबू नये, मधल्या अंतरांत ते काम खरंच बसतं का तेही बघावं.

एकोणपन्नासची चूक मात्र यातल्या कशानेच सापडली नसती. 10:59 लिहिलं असतं तरी क्रम नीट, अंतर नीट, आणि आपण पोचेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या. मुहूर्ताचं मिनिट म्हणून मी नेहमी आकड्यात विचारून घेतो. भाचीने वहिनींना लिहिलं, "मामी, मुहूर्त 10:49 ना?" उत्तर आलं, "हो, एकोणपन्नास. पन्नासला एक कमी."